दहावीच्या पालकसभेत अभ्यासाच्या तयारीचं सादरीकरण कसं करावं?

प्रश्न: दहावीच्या पालकांसमोर परीक्षेच्या तयारीवर बोलायचं आहे. वेळापत्रक, अभ्यासाची सवय आणि पालकांची मदत, हे कसं मांडू?

उत्तर: सभा पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर लगेच ठेवा आणि मुलांच्या उत्तरपत्रिका पालकांच्या हातात द्या. आठ-दहा स्लाइड पुरे. त्यातली सगळ्यात जास्त वेळ खाणारी स्लाइड एकाच संध्याकाळची असावी.

उदाहरणार्थ, मुलगी क्लासहून साडेसातला घरी येते. जेवण, थोडा आराम. साडेआठ ते साडेनऊ बीजगणिताची उदाहरणं, पुस्तक मिटून. दहा मिनिटांनी विज्ञानातल्या कालच्या धड्याची उत्तरं न बघता लिहायची, मग पुस्तकाशी ताडून चुका लाल पेनने. साडेदहाला झोप. नुसतं वाचलं की येतंय असं वाटतं. लिहायला बसल्यावर खरं कळतं.

रविवारी सकाळी अकराला घरीच पूर्ण पेपर. बीजगणिताचा चाळीस गुणांचा पेपर दोन तासांचा असतो, तेव्हा घड्याळ लावूनच. शेवटचे प्रश्न येत असूनही राहिले, तर अडचण अभ्यासाची नाही, वेगाची आहे.

पालकांना कामं मोजकीच सांगा: अभ्यासाच्या त्या दोन तासांत टीव्ही बंद, सगळ्यांचेच फोन दुसऱ्या खोलीत (बाबांचासुद्धा), आणि ‘किती पडले?’ऐवजी ‘कुठला प्रश्न राहिला?’ असं विचारणं. गणित शिकवायची अपेक्षा ठेवू नका, बरेच जण तिथेच बिचकतात.

शेजारच्या मुलाशी तुलनेचा विषय मात्र सभेत कोणीतरी काढतंच. तो वैयक्तिक भेटीसाठी राखा.