अल्फा 0.94 आला, म्हणून प्रश्नावली चांगली ठरत नाही

नागपुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाचनाच्या सवयीवरील तुमची प्रश्नावली मी वाचली. विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रोनबाख अल्फा 0.94 आल्याचा तुम्हाला आनंद झाला आहे, पण माझ्या मते काळजी तिथेच करायला हवी. ‘मला वाचायला आवडते’, ‘वाचन मला प्रिय आहे’, ‘वाचनात मला आनंद मिळतो’ अशी पाचही विधाने एकच गोष्ट शब्द बदलून विचारतात. अशा विधानांमधील सरासरी सहसंबंध 0.75 असला, तरी पाच विधानांवर अल्फा 0.94 च्या घरात जातोच. म्हणजे उत्तरे परस्परांशी जुळतात, एवढीच विश्वसनीयता सिद्ध झाली. तुम्हाला मोजायची होती सवय आणि मोजली गेली आवड, हा सप्रमाणतेचा दोष अल्फा कधीही दाखवत नाही.

त्यासाठी आधी सवयीचे घटक लिहून काढा: किती वेळा, किती वेळ, अभ्यासाबाहेरचे काय. प्रत्येक घटकाला विधान आहे का, हे विषयतज्ज्ञांकडून तपासून घ्या. मग चार-पाच विद्यार्थ्यांना समोर बसवून, विधान वाचताना मनात काय आले, ते बोलायला सांगा. ‘वाचन’ म्हणजे परीक्षेचे गाईड, असे कोणी म्हणाले, तर शब्द बदला. शेवटी मिळालेले गुण, विद्यार्थ्यांच्या संमतीने, ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदींशी ताडून पाहा, मात्र मोबाईलवरचे वाचन त्या नोंदींत येत नाही.