'हायड्रॉलिक' हवेलाही चालतं, पण तो व्यास डक्टचा नव्हे

*"हवेच्या डक्टला 'जलीय व्यास' का म्हणतात? त्यात पाणी कुठे असतं? आणि हाच समतुल्य व्यास ना?"*

'जलीय' हा कोशकारांचा उतावीळपणा आहे. मूळ ग्रीक शब्द 'हायड्रॉलिस', म्हणजे हायडोर (पाणी) आणि ऑलोस (नळी). इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने बनवलेल्या वाद्याचं हे नाव. त्यात पाणी फक्त दाब स्थिर राखायचं, नळ्यांतून वाहायची ती हवाच! 'ऑलोस'चा अर्थ 'बासरी' देणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ऑलोसला पत्ती असे, म्हणून तो आपल्या सनईचा भाऊबंद. तेव्हा हवेच्या डक्टला 'हायड्रॉलिक' म्हणणं मुळाला धरूनच आहे. 'जलीय' खोडा आणि सरळ 'हायड्रॉलिक व्यास' लिहा.

समतुल्य व्यास मात्र वेगळा, आणि ही गल्लत सतत कानावर येते. घर्षण भिंतीवर होतं आणि दाब छेदावर पडतो, म्हणून हायड्रॉलिक व्यास म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ भागिले परिमिती, गुणिले चार. चार एवढ्यासाठी, की गोल नळीत उत्तर तिचा व्यासच यावा. a आणि b बाजूंच्या आयतासाठी `D_h = 2ab/(a+b)`.

६०० × ३०० मिमीच्या पत्र्याच्या डक्टमधून सेकंदाला १ घनमीटर हवा जाते असं धरा. हायड्रॉलिक व्यास ४०० मिमी. वेग खऱ्या छेदावरूनच काढायचा: १ भागिले ०.१८, म्हणजे ५.५६ मी/से. घर्षणांक साधारण ०.०१८ येतो आणि दाबातला तोटा मीटरला सुमारे ०.८३ पास्कल. आता कोणी '४०० मिमीचा गोल डक्टच समजा' म्हणून वेगही त्या वर्तुळावरून काढला, तर तो ८ मी/से. होतो आणि तोटा १.६ पास्कलवर जातो, जवळजवळ दुप्पट! पंखा उगाच मोठा निवडला जातो.

तेवढीच हवा तेवढ्याच तोट्यात नेणारा गोल डक्ट हवा असेल, तर ह्यूब्शरचं १९४८चं सूत्र वापरा: `D_e = 1.30 (ab)^0.625 / (a+b)^0.25`. ते ४५७ मिमी देतं, आणि त्या डक्टचा तोटा ०.८४ येतो. 'समतुल्य' हा शब्द यालाच शोभतो.

हायड्रॉलिक व्यासाचं गणित चालतं ते प्रवाह खळबळता असतो म्हणून. तेव्हा वेगातला मोठा उतार भिंतीलगतच्या पातळ थरात होतो आणि छेदाच्या आकाराचा फारसा फरक पडत नाही. प्रवाह किती खळबळता हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक वरच्या डक्टसाठी दीड लाखाच्या आसपास आहे, तिथे चिंता नाही. पण प्रवाह संथ, स्तरीय असेल तर आकार छेदभर जाणवतो. घर्षणांक गुणिले रेनॉल्ड्स अंक हा गुणाकार गोल नळीत ६४, चौरसात ५७ आणि अगदी चपट्या फटीत ९६ असतो. अशा फटीला हायड्रॉलिक व्यास काढून गोल नळीचा ६४ लावला, तर तोटा एक तृतीयांशाने कमी दिसतो. उष्णता-विनिमयकाच्या पत्र्यांमधल्या अरुंद फटींत ही चूक होते. तिथे आधी रेनॉल्ड्स अंक काढा आणि तो २००० च्या खाली निघाला, तर ६४ ऐवजी त्या आकाराचा आकडा घ्या.