इन्युलिन घेतल्यावर दुपारी पोट का फुगतं?

"बद्धकोष्ठतेसाठी इन्युलिनची पावडर आणली. सकाळी आठला पाण्यातून दोन चमचे घेतो आणि दुपारी ऐरोलीच्या ऑफिसात पोटात गुबारा धरतो. बंद करू का?"

एकदम बंद करू नका, आधी मात्रा कमी करा. मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ही तक्रार बऱ्याचदा ऐकते. गंमत म्हणजे दोष बहुतेक वेळा डब्यातल्या उसळीवर जातो.

इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज या साखरेच्या कणांची साखळी. ती तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही, म्हणून ती न पचता पुढे सरकते आणि काही तासांनी मोठ्या आतड्यात पोचते. सकाळी आठचा डोस दुपारी त्रास देतो तो यामुळेच. पावडर घेतल्यावर पंधरा मिनिटांत पोट फुगत असेल, तर कारण बहुधा वेगळं आहे.

मोठ्या आतड्यात तिच्यावर सगळ्यात जोमाने तुटून पडतात बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. ते तिच्यापासून ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्ल करतात, पण स्वतः हायड्रोजन सोडत नाहीत. वायू येतो शेजाऱ्यांकडून. काही जिवाणू तीच साखळी खातात, काही हे आम्ल घेऊन ब्युटिरेट बनवतात, आणि त्यात हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन, म्हणजे गॅस हा हव्या असलेल्या कामाचाच जोडधंदा आहे. या दोन्ही वायूंना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा.

तयार झालेल्या हायड्रोजनपैकी काही रक्तात शोषला जाऊन श्वासातून जातो, काही इतर सूक्ष्मजीव वापरतात. एकदम जास्त साखळी आली की वायू बनण्याचा वेग या वाटांच्या पुढे जातो आणि पोट ताणतं. रोज थोडं थोडं मिळत राहिलं तर बायफिडोबॅक्टेरियांचा वाटा वाढतो, आणि बऱ्याच जणांत दोन-तीन आठवड्यांत त्रास उतरतो. सगळ्यांत नाही.

तुमचे दोन चहाचे चमचे साधारण ५-६ ग्रॅम होतात (शिगोशीग भरले तर जास्तच). आधी अर्धा चमचा घ्या, तोही जेवणासोबत. आठवडाभर पोट शांत राहिलं तर एक चमचा करा आणि तो सकाळ-रात्र वाटून घ्या. वाढवल्यावर पुन्हा गुबारा धरला तर एक पायरी खाली या. कांदा, लसूण आणि गव्हातही याच जातीची साखळी असते, तेव्हा रात्री चपाती आणि लसणाची चटणी खाल्लीत तर तीही हिशेबात धरा.

आयबीएस, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी देणारा आतड्याचा विकार, असेल तर कित्येकांना अर्धा चमचाही सोसत नाही, कारण तिथे वायू जास्त नसला तरी आतडं ताणाला हळवं असतं. तेव्हा इसबगोल बरा. त्यावर जिवाणूंचं फारसं चालत नाही, तो पाणी धरून शौच मऊ करतो. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा रात्री पोटदुखीने जाग येत असेल, तर पावडर बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.