सीएनएन या चित्रं ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या स्लाइडवर एक छोटी खिडकी चित्रावरून सरकते, तेव्हा फिल्टर आणि पूलिंग नेमकं काय करतात?

फिल्टर प्रत्येक थांब्यावर खिडकीखालच्या नऊ पिक्सेलना आपल्या नऊ आकड्यांनी गुणून बेरीज करतो, आणि पूलिंग त्या बेरजांतल्या मोठ्या तेवढ्या ठेवतं. समजा, ३×३ फिल्टरच्या तिन्ही ओळींत -१, ०, १ आहे. सपाट पांढऱ्या भागावर बेरीज ० येते. डावा स्तंभ काळा (०) आणि उजवा पांढरा (२५५) असेल तिथे थेट ७६५, म्हणजे उभी कड सापडली. २८×२८ चित्रावर, काठाबाहेर न जाता, असे २६×२६ थांबे होतात. मग मॅक्स पूलिंग दर २×२ चौकटीतला सर्वांत मोठा आकडा उचलतं आणि १३×१३ उरतात. कड आहे हे टिकतं, नेमकी कुठल्या पिक्सेलवर ते मात्र पुसट होतं. आणि हो, फिल्टरचे आकडे कुणी हाताने भरत नाही. नेटवर्क ते प्रशिक्षणात शिकतं.