तळहातावरचा पत्ता

प्रश्न: गावच्या शाळेतल्या मुलांना आयपी ॲड्रेस कसा समजवावा? पोस्टाचं उदाहरण चालेल का?

चालतं. पण "आयपी म्हणजे संगणकाचा पत्ता" एवढ्यावर थांबू नका, आरएमएसमधली, म्हणजे रेल्वे टपाल सेवेतली, पत्रांची छाटणी दाखवा.

माझी शाळा रामटेक तालुक्यात. सातवीच्या वर्गात मी घरचे जुने लिफाफे नेले, पिन ४४११०६. विचारलं, हे पत्र चेन्नईत छाटणाऱ्याला रामटेक माहीत असायला हवं का? एका मुलीनं शेवटचे तीन आकडे अंगठ्यानं झाकले. "सर, त्याले एवढंच पुरते." अगदी बरोबर. ४४१ पाहून पत्र नागपूरच्या थैलीत पडतं, १०६ चं काय ते नागपूरला बघतात. राउटरही पत्त्याचा सुरुवातीचा भागच आपल्या तक्त्याशी जुळवतो आणि माहितीचं पाकीट पुढच्या राउटरकडे देतो. शेवटपर्यंतची वाट एकट्या कुणालाच माहीत नसते.

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी तळहातावर पेनानं 192.168.1.5 लिहून आली. मामाच्या घरच्या वायफायवर मोबाईलमध्ये दिसलेला आकडा. आमच्या शाळेतल्या एका संगणकाचाही तोच! "मंग पत्र कोनाले जाईन, सर?"

मी म्हटलं, पाकिटावर नुसतं 'सातवी, तिसरा बाक' लिहून पेटीत टाक. पोचेल? असा बाक प्रत्येक शाळेत आहे. 192.168 ने सुरू होणारे पत्ते असेच घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेत, बाहेरचे राउटर ते पुढे नेत नाहीत. तिसऱ्या बाकावरच्या पोराचं पत्र आमचे शिपाईकाका शाळेचा पत्ता टाकून पाठवतात, कुणाचं ते वहीत लिहितात आणि उत्तर आलं की वही बघून त्या बाकावर देतात. शाळेचा राउटर हेच करतो. मग दोन संगणकांवर 'माझा आयपी' दाखवणारी वेबसाइट उघडली. आतले आकडे वेगळे, बाहेरचा दोन्हीकडे एकच. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला.

एका प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं की आयपी म्हणजे यंत्राचा आधार क्रमांक, जन्मभर तोच. मी उभा राहून हरकत घेतली, तर मला खाली बसवलं. ते चूकच होतं, आजही सांगतो. आयपी यंत्राच्या अंगावर गोंदलेला नसतो, ते ज्या जाळ्यात बसलंय तिथली जागा सांगतो. तोच मोबाईल वायफायवरून सिमच्या डेटावर न्या, आकडा बदलतो. मुलांना आधारचं उदाहरण कधीही देऊ नका.

एक मात्र सांगायला हवं. ४४० आणि ४४१ हे पिनचे भाग नकाशावर शेजारी आहेत, आयपीचं तसं नाही. लागोपाठचे गट वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांकडे असू शकतात, त्यामुळे आकडा पाहून गाव ओळखायला पोरांना सांगू नका.