सनबर्स्ट चार्ट वाचताना आधी कोन बघ

खडेबाजारातल्या दुकानाची मालवार विक्री सनबर्स्टवर, म्हणजे एकाबाहेर एक कडी असलेल्या गोल चार्टवर टाकलीस, छान केलंस. आता वाचायचं आतून बाहेर: आतल्या कड्यात साडी, तिच्या डोक्यावर सिल्क, त्याच्याही बाहेर इरकल.

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली: तुकड्याचं आकारमान बघतात. बाहेरचं कडं मोठं, म्हणून तिथला तुकडा फुगलेला दिसतो. बघायचा कोन. साडी अर्धं वर्तुळ, म्हणजे 180 अंश. त्यातला निम्मा सिल्क, 90. इरकल सिल्कच्या 8 टक्के, म्हणून 7.2 अंश. एकूण विक्रीच्या फक्त 2 टक्के! "8 टक्के" सांगताना कशाचे, हे आधी सांग.

आता चार्ट कधी हाताबाहेर जातो? बाहेरची त्रिज्या 5 सेंटीमीटर धरली, तर 1 टक्क्याला कडेवर जेमतेम 3 मिलिमीटर मिळतात. तिथं नाव मावत नाही. एक्सेल तर न मावणारी नावं गुपचूप गाळतं. तुझ्या चौथ्या कड्यात रंगानुसार केलेले तुकडे बघ, नुसती झालर झालीय. ते कडं काढ, बारीकसारीक 'इतर'मध्ये घाल.

आणि दोन वेगळ्या फांद्यांतले तुकडे, समजा इरकल आणि शर्टिंग, तोलायचे असतील तर सरळ आडवे बार काढ की.