'आजपासून 15 दिवसांच्या आत' म्हणजे नक्की कधीपर्यंत?

प्रश्न: "आमच्याकडून एक नोटीस जाणारे, वकिलांनी सही करायच्या आधी मराठी मसुदा मला तपासायला दिलाय. त्यात 'आजपासून 15 दिवसांच्या आत' असं आहे. यात आजचा दिवस धरायचा का? आणि भाषेच्या बाजूने अजून कुठे घोळ होऊ शकतो?"

बोलताना आपण 'पासून' दोन्ही अर्थांनी वापरतो. 'सोमवारपासून सुट्टी' म्हटलं की सोमवार सुट्टीत आलाच, पण 'सोमवारपासून चार दिवसांनी या' म्हटलं तर लोक मंगळवार हा पहिला दिवस धरतात आणि शुक्रवारी येतात. कायद्यात मुदत मोजताना साधारणपणे सुरुवातीचा दिवस सोडतात, भारतात जनरल क्लॉजेस ॲक्ट, 1897 च्या कलम 9 मध्ये 'फ्रॉम' या शब्दाबद्दल हेच म्हटलंय. पण ते कलम कायद्यांची भाषा वाचण्यासाठी आहे, तुमच्या नोटिशीसाठी नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर न राहता 'ती तारीख वगळून' एवढे तीन शब्द मसुद्यात टाकलेले बरे.

मला मात्र 'पासून'पेक्षा 'आज'ची जास्त काळजी वाटते. कोणाचा आज? समजा नोटिशीवर तारीख 3 जून आहे आणि ती समोरच्याच्या हातात पडली 10 जूनला. नोटिशीच्या तारखेपासून, ती वगळून मोजलं तर शेवटचा दिवस 18 जून, मिळाल्यापासून मोजलं तर 25 जून. एका शब्दाने पूर्ण आठवड्याचा फरक पडला, आणि समोरच्याने 22 तारखेला पैसे भरले तर ते वेळेत की उशिरा यावर भांडण. कधीकधी ही सुरुवात कायद्यानेच ठरवलेली असते, म्हणजे चेक बाउन्सच्या नोटिशीत (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम 138) पैसे भरायचे 15 दिवस नोटीस मिळाल्यापासून धरतात, तिथे मसुद्यात 'आजपासून' दिसलं की पेन्सिल उचलायचीच. नोटीस दोघांना जाणार असेल तर अजून एक गाठ बसते, कारण एकाला ती 10 तारखेला मिळते नि दुसऱ्याला 14 ला. मग मुदत प्रत्येकाची वेगळी धरायची की दोघांची एकच? हे वकिलांनी ठरवायचं, आपण फक्त विचारायचं.

'आत' हा शब्दसुद्धा साधा नाही बरं का. '15 दिवसांच्या आत' ठीक आहे, पण '15 तारखेच्या आत' म्हटलं की निम्मे लोक 14 समजतात नि निम्मे 15. '15 जून 2024 रोजी किंवा त्यापूर्वी' लिहिलं की वाद मिटला. आणि महिना अक्षरात लिहा. 5/3/2024 हे आपल्याला 5 मार्च वाटतं, पण ती तारीख कुठल्यातरी बिलावरून किंवा कॉम्प्युटरमधून जशीच्या तशी उचललेली असेल तर 3 मे पण असू शकते, मूळ कागद उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. मी एक नमुना बनवतो, अशा नोटिशीत सर्रास सापडेल असा. नोटीस दोघांना जातेय असं समजा:

"आमच्या अशिलांनी दि. 5/3/2024 रोजी आपल्या गोडाऊनमधील मशीन आपणांस दुरुस्तीसाठी दिले. तरी आपण सदर मशीन दुरुस्त करून परत द्यावे किंवा त्याची किंमत रु. 2,00,000 द्यावी व नुकसानभरपाई देण्यात यावी."

वरवर वाचलं तर एकदम चोख मराठी. पण गोडाऊन कोणाचं? मराठीत 'आपल्या' म्हणजे कर्त्याचं स्वतःचं, आणि आदराने 'तुमच्या' हेही तेच. म्हणजे मशीन अशिलाच्या गोडाऊनमधून गेलं, की दुरुस्तीवाल्याच्याच गोडाऊनमध्ये आधीपासून पडून होतं आणि तिथेच दुरुस्तीला दिलं? ताबा कधी कोणाकडे गेला हा मुद्दा उद्या निघाला तर हे वाक्य दोन्ही बाजूंना वापरता येईल. मग 'आपणांस' आणि 'आपण'. आदरार्थी असल्याने एक माणूस की दोन ते त्या शब्दावरून कळतच नाही. दोन लाख दोघांनी मिळून द्यायचे की प्रत्येकाने दोन लाख द्यायचे? की दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येईल? तीन वेगळे अर्थ आहेत, आणि 'एकत्रितपणे', 'प्रत्येकी' किंवा 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' यातला एक शब्द निवडल्याशिवाय ते सुटत नाहीत. 'त्यांनी', 'यांनी' यांचंही हेच दुखणं.

मी काय करतो, मसुद्याच्या एका प्रिंटवर प्रत्येक 'आपण', 'आपल्या', 'त्यांनी', 'सदर'वर पेन्सिलने नाव लिहून बघतो. नाव लिहिताना हात अडखळला की तिथे खड्डा आहे समजायचं. मग पक्क्या मसुद्यात सुरुवातीलाच 'नोटीस घेणार क्र. 1' आणि 'क्र. 2' अशी ओळख ठरवून पुढे शेवटपर्यंत तीच वापरायची. शाळेत शिकवलेलं, तोच शब्द परत परत नको, ते इथे विसरा. एका परिच्छेदात मशीन, दुसऱ्यात यंत्र आणि तिसऱ्यात सदर वस्तू असं झालं की वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो.

शेवटचा भाग सगळ्यात बेरकी आहे. 'परत द्यावे किंवा किंमत द्यावी व नुकसानभरपाई देण्यात यावी', यात नुकसानभरपाई फक्त किंमत देणाऱ्याला लागू की मशीन परत केलं तरी लागू? 'किंवा' आणि 'व' एका वाक्यात आले की असं होतंच, आणि स्वल्पविराम टाकून ते धड सुटत नाही, वाक्य तोडावंच लागतं. वर 'देण्यात यावी'! कोणी द्यायची? सरकारी पत्रांमुळे हा प्रयोग आपल्याला भारदस्त वाटतो पण त्यात देणारा गायब होतो, आणि ज्याच्यावर जबाबदारी टाकायची त्याचंच नाव नसलेली मागणी म्हणजे काय मागणी. शिवाय भरपाई किती, कसली, काहीच नाही.

वकिलांचा हेतू दोन्ही परिस्थितीत भरपाई मागायचा असेल आणि ती रक्कम समजा रु. 20,000 असेल, तर साधारण असं होईल: "नोटीस घेणार क्र. 1 व क्र. 2 यांनी, ज्याला ही नोटीस ज्या तारखेस मिळेल ती तारीख वगळून पुढील 15 दिवसांत, (अ) मशीन दुरुस्त करून नोटीस देणार यांना परत द्यावे, किंवा (ब) मशीनची किंमत रु. 2,00,000 संयुक्तपणे व स्वतंत्रपणे द्यावी. (अ) किंवा (ब) यांपैकी काहीही केले तरी, त्याच मुदतीत नुकसानभरपाईचे रु. 20,000 संयुक्तपणे व स्वतंत्रपणे द्यावेत." रुक्ष आहे, चालतंय.

पण हे परस्पर बदलून टाकू नका हं. स्पेलिंग, आकडा आणि अक्षरी रक्कम जुळत नसणं, पानांचे नंबर, हे दाखवून दुरुस्त करता येतं, पण 'पासून' कधीपासून आणि 'व' कोणाला लागू हे ठरवणं म्हणजे मागणीच ठरवणं, ते सही करणाऱ्याचं काम. समासात फक्त "अर्थ नीट करा" लिहिलं तर घाईत वकील ते वाचून पुढे जातील. त्याऐवजी दोन्ही अर्थ लिहून द्या: "18 जून की 25 जून?", "भरपाई फक्त (ब) साठी की दोन्हींसाठी?", म्हणजे त्यांना नुसती खूण करायची राहते.